नानांचा बटनांचा फोन, जीमेल आणि फोनवर वाचून दाखवायचे कोड

रावेरकर_पुण्यात

मंडळी, सल्ला हवाय. नाना ७१ वर्षांचे, गावी असतात, सावद्यापासून जवळच. फोन साधा, बटनांचा, वरती टॉर्च. केळीच्या चिकाचे डाग पडू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. स्मार्टफोन दोनदा घेऊन दिला. पहिला नातवाकडे गेला, दुसरा गोदरेजच्या कपाटात बसून आहे. तो विषय आता बंद.

पण नानांच्या नावानं जीमेल खातं आहे. केळीच्या विम्याचे कागद, सोसायटीचे उतारे, आईचे दवाखान्याचे रिपोर्ट सगळं त्यातच येतं. नाना स्वतः ते कधी उघडत नाहीत. मी पुण्यातून उघडतो, नाहीतर गावातल्या केंद्रावर उघडलं जातं. कोड नानांच्या फोनवर जातो. मी फोन लावतो, "नाना, आकडे सांगा", ते चष्मा शोधतात आणि वाचतात. तीन वर्षं असंच चाललंय.

गेल्या महिन्यात मोटर चालू करायला वाकले आणि फोन खिशातून हौदात. फोन गेलाच. दुकानदार म्हणाला सिमही बदला, म्हणून त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं. संध्याकाळी कॉल सुरू झाले, पण मेसेज एकही येईना. आणि नेमका त्याच दिवशी मेलमधला विम्याचा कागद तालुक्याला दाखवायचा होता. मी पुण्यात बसून दहा वेळा कोड मागवला, एकही पोचला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपोआप यायला लागले.

प्रश्न एवढाच की अशा वेळी काय करायचं? नानांकडे अ‍ॅप नाही आणि होणारही नाही.

भुसावळ_जं

बटनांच्या फोनात हल्ली पाणी न शिरणारे येतात का? आमच्या बाबांनाही घ्यायचाय. टॉर्च जोरदार पाहिजे, रात्री पाणी भरायला जातात.

शेवभाजी_जास्त_तिखट

हौदातल्या फोनला मोटर चालू करायचं अ‍ॅप टाका, जागेवरच काम होईल.

मोबाईलगल्ली

धुळ्याला आग्रा रोडवर माझं सिम-रिचार्जचं काउंटर होतं, १४ वर्षं चालवलं. म्हणून सांगते.

आधी एक गोष्ट. सिम पाण्यानं मरत नाही. प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर पितळी रंगाची चकती, एवढंच तर असतं. पुसून, तासभर सुकवून दुसऱ्या फोनात घातलं असतं तर शंभरातली पंच्याण्णव सिमं चालतात. दुकानदारानं बदलायला लावलं, कारण बदलल्यावर त्याला चार पैसे सुटतात. मीही विकलीत, खोटं कशाला बोलू.

मेसेज का आले नाहीत? त्यात बिघाड काही नव्हता. त्याच नंबरचं नवीन सिम चालू केलं की २४ तास मेसेज बंद ठेवायचे, येणारे आणि जाणारे दोन्ही, असा दूरसंचार विभागाचा २०२२ चा आदेश आहे. तुमच्या नावानं दुसऱ्याच कुणी सिम काढलं, तर त्याला लगेच तुमचे कोड मिळू नयेत म्हणून. तेवढ्या वेळात खऱ्या मालकाला कळतं की आपला फोन मुका झालाय. तुमच्या नानांची तेव्हा अडचण झाली, पण एखाद दिवशी हाच नियम त्यांना वाचवील.

तो एक दिवस काढायचा उपाय कागदावर आहे. 2-Step Verification चालू असलेल्या प्रत्येक खात्याला गुगल दहा बॅकअप कोड देतं. प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. सिम हौदात असो की टॉवर बंद असो, हे चालतात, कारण ते आधीच छापून पेटीत ठेवलेले असतात. myaccount.google.com वर जा, Security मध्ये 2-Step Verification, आणि तिथे Backup codes.

आता उलट मी विचारते. नाना तुम्हाला फोनवर आकडे वाचून दाखवतात. समोरचा तुम्हीच आहात हे ते कसं ओळखतात?

तापीकाठचा_मास्तर

एवढं घाबरण्याचं कारण नाही. सिमकार्ड आधारशी जोडलेलं आहे. अंगठा दिल्याशिवाय कोणालाही दुसऱ्याच्या नावाचं सिम मिळत नाही. तेव्हा साध्या फोनवाल्याला धोका शून्य. शिवाय त्या फोनात व्हायरस शिरत नाही.

मोबाईलगल्ली

मास्तर, व्हायरसचं तुमचं बरोबर. लिंक दाबली तरी काही उघडत नाही, हा साध्या फोनचा मोठाच फायदा आहे. पण अंगठ्याचं अर्धंच बरोबर. प्रत्येक सिम आधारशी जोडलेलं नसतं. आणि गर्दीच्या वेळी दुकानदार म्हणतो, "बाबा, अंगठा नीट उमटला नाही, पुन्हा ठेवा." शेतात राबणाऱ्यांचे अंगठे खरंच नीट उमटत नाहीत, म्हणून माणूस तीनदाही ठेवतो. त्यातला एक अंगठा दुसऱ्याच सिमसाठी गेला, तर त्याला कळणार कसं?

आणि चोराला बहुतेक वेळा सिम लागतच नाही. कोड वाचून दाखवणारा माणूस मिळाला की त्याचं काम झालं.

माहेर_चोपडा

माझ्या आईचं वेगळंच आहे. तिचं सिम बारा वर्षांपूर्वी मोठ्या भाओजींच्या नावावर घेतलं होतं, तेव्हा तिच्याकडे ओळखपत्र नव्हतं. आता बँक, गॅस, सगळ्याला तोच नंबर. भाओजींशी गेल्या वर्षी शेताच्या बांधावरून बिनसलं. फोन हरवला तर सिम आणायला त्यांना दुकानात यावं लागेल, आणि ते येतील असं वाटत नाही. काय करावं कळत नाही.

मोबाईलगल्ली

ताई, तुमचं दुखणं धाग्यातलं सगळ्यात मोठं आहे. वाद वाढायच्या आत, दिवाळीत गोडीनं बोलून नंबर आईच्या नावावर करून घ्या. दोघांनी दुकानात जावं लागतं. ते येतच नसतील, तर आईच्या नावानं नवीन नंबर घ्या आणि जुना चालू असतानाच बँकेत, आधार केंद्रात, गॅसवाल्याकडे एकेक करून बदला. जुना बंद पडल्यावर सगळीकडे हेलपाटे घालावे लागतात.

कुणाच्या नावावर किती सिमं आहेत ते sancharsaathi.gov.in वर दिसतं. तुमच्या कॉम्प्युटरवर आईचा नंबर टाकायचा, कोड तिच्या साध्या फोनवर येतो. पण आईचं सिम भाओजींच्या नावावर असल्यामुळे यादी भाओजींची निघेल, हे लक्षात ठेवा.

रावेरकर_पुण्यात

मोबाईलगल्ली ताई, तुमच्या प्रश्नानं रात्री झोप लागली नाही. सकाळी नानांना विचारलं, "माझ्याशिवाय कुणाला आकडे वाचून दाखवले का?" आधी नाही म्हणाले. मग आठवलं. आखाजीच्या सुमारास एक फोन आला होता. "नाना, मी बोलतोय, घसा बसलाय, नंबर दुसऱ्याचा आहे, आकडे आलेत ते सांगा." नानांनी सहा आकडे सांगितले. वर म्हणतात, "तुन्हाच आवाज वाटना मले."

बँकेतले पैसे जागच्या जागी आहेत, पासबुक भरून आणलं. मग सहा आकडे कशाचे होते?

शेवभाजी_जास्त_तिखट

सहा आकडे म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप असू शकतं. तुमच्या फोनात नानांचा नंबर सेव्ह असेलच, बघा व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतात का. (मस्करी नाही, आमच्या काकांचं झालंय.)

रावेरकर_पुण्यात

दिसतात. फोटोत कुठल्यातरी देवीचं चित्र आहे. नानांनी आयुष्यात व्हॉट्सअ‍ॅप उघडलेलं नाही.

मोबाईलगल्ली

आजच काढून घ्या. बहीण गावाजवळ असेल तर तिच्या फोनात नानांच्या नंबरनं व्हॉट्सअ‍ॅप चालू करायचं. कोड नानांच्या फोनवर येईल, बहिणीनं तो नानांच्या शेजारी बसून स्वतः बघून टाकायचा. टाकल्याबरोबर दुसरीकडचा माणूस बाहेर फेकला जातो. त्यानं आपला पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण त्या सात दिवसांत त्यालाही वापरता येत नाही. मग स्वतःचा सहा आकडी पिन लावा. आणि नातेवाइकांना सांगून ठेवा, नानांच्या नावानं कुणी पैसे मागितले होते का ते विचारा.

साध्या फोनवाल्याचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर मोकळा पडलेला असतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

केंद्रचालक_अमळनेर

मी केंद्र चालवतो, म्हणून मला बोलणं भाग आहे. धाग्यात अजून कुणी आमच्यावर घसरलं नाही, पण घसरणार हे नक्की. खरं सांगतो, कितीतरी म्हाताऱ्या माणसांची जीमेल खाती आम्हीच आमच्या नंबरवर काढली. समोर पन्नास माणसं उभी, साइट मध्येच लटकते, बाबांचा फोन घरी राहिलेला. मग स्वतःचा नंबर टाकून मोकळं व्हायचं. वाईट हेतू नसतो, पण झालं ते चूकच.

रावेरकर, नानांच्या खात्यात दोन ठिकाणी नंबर असतात. एक 2-Step Verification मध्ये, एक Recovery phone म्हणून. लोक पहिला बदलतात आणि दुसरा विसरतात. दोन्ही उघडून बघा, तिथे कुणा केंद्रवाल्याचा नंबर बसलेला असेल.

आणि केंद्रावर लॉगिन करताना Don't ask again on this device असा चौकोन येतो, त्यावरची खूण काढायची. राहिली तर त्या कॉम्प्युटरवर पुढे कोड लागत नाही, नुसत्या पासवर्डावर भागतं.

तापीकाठचा_मास्तर

कोड छापून ठेवणे म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणे झाले. एक कागद सापडला की खाते गेले.

मोबाईलगल्ली

नुसत्या कागदानं खातं उघडत नाही मास्तर, आधी पासवर्ड लागतो. कोड हे दुसरं कुलूप. म्हणून कागदावर पासवर्ड लिहायचा नाही आणि जीमेलचा पत्ताही लिहायचा नाही. वरती "नाना – दहा" एवढंच. वाचणाऱ्याला खताच्या पिशव्यांचा हिशोब वाटेल.

छापताना जपा. केंद्रावर छापले तर फाइल त्याच्या Downloads मध्ये राहते. ती काढून टाका, नाहीतर सरळ हातानं लिहून घ्या, दहाच तर ओळी आहेत, चार-चार आकड्यांच्या जोड्या पाडून. पावतीच्या चकचकीत कागदावर छापू नका, एका उन्हाळ्यात कोरा होतो. आणि नवीन दहा काढले की जुने दहा बाद होतात, म्हणून जुना कागद फाडायचा. माझ्याकडे एक गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीचा कागद घेऊन आलं होतं, एकही कोड लागेना. मुलानं मध्येच नवीन काढले होते आणि घरी सांगितलं नव्हतं.

भुसावळ_जं

बँकेलाही असे दहा कोड मिळतात का? टॉर्चचं कुणी सांगितलं नाही.

केंद्रचालक_अमळनेर

नाही. बँक, आधार, शेतकरी योजना, सगळीकडे मेसेज नाहीतर अंगठा लागतो. सिम बदललं तर तो एक दिवस बँकेच्या कामाला शाखेत जायचं. कागद फक्त ज्यांनी सोय दिलीय त्यांच्यासाठी. गुगल देतं, फेसबुक देतं.

माहेर_चोपडा

आमच्या आईला तर सिम तेच असूनही मधूनमधून कोड येत नाहीत. बाकीच्यांना त्याच गल्लीत येतात.

मोबाईलगल्ली

वरच्या कोपऱ्यात पाकिटाचं चित्र लुकलुकतंय का बघा. लुकलुकत असेल तर पेटी भरलीय. साध्या फोनात मेसेज मोजकेच मावतात, सिमवर साठत असतील तर अजूनच थोडे. लॉटरी, कर्ज, रिचार्जच्या जाहिरातींनी ती भरते आणि नवीन कोड बाहेरच ताटकळतो. सगळे पुसा, मग बघा, अडकलेले धडाधडा येतील. नंतर १९०९ ला START 0 असा मेसेज पाठवा, जाहिराती बंद होतात. बँकेचे मेसेज येत राहतात.

आता सिमच्या पिनचं सांगते, कारण ते कुणी काढलंच नाही. सिम चोरून दुसऱ्या फोनात घातलं की सगळे कोड तिकडे. फोनचं कुलूप तिथे काही कामाचं नाही. सिमलाच पिन असेल तर दुसऱ्या फोनात पिन मागतं. सेटिंगमध्ये सुरक्षेखाली पिन मागण्याचा पर्याय असतो, तो चालू करायचा. मग कंपनीचा मूळ पिन बदलायचा. जुना 1234 असेल आणि नवीन 4907 हवा असेल, तर कॉल करायच्या जागी हे टाका:

```
**04*1234*4907*4907#
```

मूळ पिन अंदाजानं टाकू नका, आधी कंपनीला विचारा. तीनदा चुकला की सिम पीयूके मागतं. तो आठ आकडी असतो, सिम ज्या कार्डातून तोडलं त्यावर छापलेला, नाहीतर कंपनीकडून मिळतो. तोही दहादा चुकला तर सिम कायमचं मेलं. ते कार्ड लोक त्याच दिवशी फेकून देतात, ते बॅकअप कोडाच्या कागदाला टाचून ठेवा.

तापीकाठचा_मास्तर

या बाबतीत मी ठामपणे विरोधात आहे. आमच्या मोठ्या भावाला पिन लावून दिला. बॅटरी सैल, फोन पडला की बंद, चालू केला की पिन. रात्री अकराला छातीत दुखायला लागले आणि पिन आठवेना. शेजाऱ्याच्या फोनवरून बोलावले म्हणून बरे. चोरापेक्षा कुलूपच अंगावर आले.

केंद्रचालक_अमळनेर

मास्तर, पिनच्या पडद्यावरूनही ११२ लागतो.

तापीकाठचा_मास्तर

११२ लागेल. मुलगा लागणार नाही.

मोबाईलगल्ली

मास्तरांचं हे मला मान्य आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला मी स्वतः पिन लावून देत नाही. बाजारात फिरणाऱ्याला देते. ज्याच्या घरी चार माणसं आहेत, त्यांचं त्यांनी ठरवावं.

रावेरकर_पुण्यात

दोन आठवड्यांनी परत आलोय. गावी जाऊन आलो. काय काय झालं ते सांगतो.

व्हॉट्सअ‍ॅप बहिणीच्या फोनात घेतलं. त्या माणसानं पिन लावला होता, सात दिवस थांबलो, मग मिळालं. दोन नातेवाइकांना "दवाखान्यात आहे, पाच हजार पाठव" असा मेसेज गेला होता. एकानं पाठवले. तो फैजपूरचा मावसभाऊ, लाजेखातर कुणाला बोलला नव्हता. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार करायला लावली, पण मध्ये इतके महिने गेलेत की फार आशा नाही.

जीमेल उघडलं तर Recovery phone मध्ये खरंच एक अनोळखी नंबर. फोन लावला, गावातल्या जुन्या केंद्रातला मुलगा निघाला, आता सुरतेला असतो. त्याला आठवतही नव्हतं. तो नंबर काढला, नानांचा टाकला, पासवर्ड बदलला. दहा कोड हातानं लिहिले. एक तिथेच वापरून पाहिला: पासवर्ड टाकला, Try another way दाबलं, आठ आकडी कोडाचा पर्याय निवडला, आकडे टाकले, उघडलं. त्यावर काट मारली, नऊ उरले. एक कागद पीयूकेच्या कार्डासह आईच्या पेटीत पैठणीखाली, नक्कल माझ्याकडे. नकलेत घोळ होणारच होता, म्हणून वरचे पाच घरचे आणि खालचे माझे असं वाटून घेतलं. माझ्या लॅपटॉपवर मात्र तो चौकोन खूण करून ठेवला, म्हणजे मला रोज कोड लागत नाही.

नानांना एकच सांगितलं: आकडे कुणालाच सांगायचे नाहीत. मलाही नाही. केंद्रावर लागले तर फोन घेऊन स्वतः जायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून टाकून घ्यायचे.

परवा पुण्याहून मुद्दाम फोन केला, "नाना, आकडे आलेत ना, सांगा बरं." नाना म्हणाले, "तू कोन?" मी नाव सांगितलं. "आवाज तं त्याच्यासारखाच शे," म्हणाले आणि फोन ठेवून दिला. नंतर तीनदा लावला, उचलला नाही. शेवटी आईच्या फोनवर लावला, तर मागून ओरडत होते, "पुन्हा तोच शे, ठेव, ठेव!"

सिमचा पिन अजून लावलेला नाही. आई नको म्हणते, बहीण हो म्हणते.

शेवभाजी_जास्त_तिखट

नाना पास. आता दिवाळीला घरात घेतील का ते बघा.

माहेर_चोपडा

आईचं पाकीट लुकलुकतच होतं. पुसले, एकशे चाळीस निघाले. भाओजींशी अजून बोलणं नाही झालं.

भुसावळ_जं

टॉर्च?